आदल्या संध्याकाळचा निरोप

बापूची बायपास बुधवारी सकाळी होती. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला मी फोन घेऊन गॅलरीत बसलो आणि सव्वासहापर्यंत तीन निरोप लिहून तिन्ही पुसले. पहिल्यात होतं, ‘अजिबात काळजी करू नकोस, काही होत नाही.’ दुसऱ्यात विनोद होता. तुला हृदय आहे हे शेवटी डॉक्टरांनाच शोधून काढावं लागलं, असा काहीतरी. तिसरा लिहिता लिहिता एवढा गंभीर झाला, की वाचून मीच दचकलो. तो निरोप देणं राहिला नव्हता, निरोप घेणं झाला होता. मराठीत दोन्हींना शब्द एकच आहे, याची अडचण मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळली.

खरं तर मला हे जमायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी मीही अशाच एका खाटेवर होतो. माझ्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी फोनवर साठेक निरोप आले होते. सगळे मनापासून लिहिलेले होते, तरी बरेचसे वाचून जास्तच एकटं वाटलं. त्या वेळी कारण उमगलं नव्हतं. आता लिहायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा आधी ते कारण शोधणं भाग पडलं.

खाटेवरून दिसणारी संध्याकाळ

निरोप वाचणारा माणूस त्या वेळी काय करत असतो, हे आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. ठरवून करायच्या बायपाससाठी बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी दाखल करून घेतात. दुपारभर रक्ताचे नमुने, ईसीजी, एक्स-रे यांची पुन्हा एकदा फेरी होते. घरचं कुणीतरी खाली विम्याच्या खिडकीपाशी कॅशलेसची मंजुरी कुठं अडकली ते विचारत असतं आणि दुसरं कुणी रक्तपेढीत डोनर घेऊन गेलेलं असतं.

मग एक तरुण डॉक्टर संमतिपत्र घेऊन येतो. त्यात काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं असतं: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पक्षाघात, मूत्रपिंडावर ताण, मृत्यू. प्रकृती फार बिघडलेली नसताना ठरवून केलेल्या बायपासमध्ये जिवाचा धोका साधारणपणे शंभरात एक-दोन जणांना असतो. वय, मधुमेह, मूत्रपिंडाची अवस्था यांप्रमाणे तो वाढतो. रुग्ण खाली सही करतो, शेजारी नातेवाईक करतो.

त्यानंतर वॉर्डबॉय मशिन घेऊन येतो आणि छातीपासून पायापर्यंतचे केस काढतो. पायाचे कशाला, असं मी विचारलं होतं. हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालण्यासाठी एक धमनी छातीच्या आतल्या बाजूची घेतात आणि बाकीच्या नळ्या बहुतेक वेळा पायातल्या शिरेच्या करतात. त्यामुळे पायावरही चिरा पडतो. वस्तरा हल्ली टाळतात, कारण त्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरू शकतात. मग औषधी साबणाची आंघोळ, बोटातली अंगठी, कवळी, गळ्यातलं काही असेल ते काढून घरच्यांकडे. आठच्या आत हलकं जेवण. रात्री भूलतज्ज्ञ येतात, तोंड उघडायला लावतात, मान मागे करून पाहतात, हलणारा दात आहे का विचारतात. मग कधी झोपेची गोळी. त्याच सुमारास फोनही घरच्यांच्या हातात जातो.

म्हणजे निरोप पोचायची खरी वेळ सहा ते आठच्या मधली. त्याआधी माणूस तपासण्यांत असतो आणि त्यानंतर त्याच्या हातात फोन नसतो. हाताच्या पाठीवर सुई टोचून पट्टी मारलेली असते, चष्मा कुठंतरी उशीखाली असतो, आणि तो एका हातानं वाचतो. स्क्रीन सरकवावी लागेल इतका लांब निरोप त्याच्या कामाचा नसतो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्नही नसतो, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. माझ्या साठ निरोपांतल्या निम्म्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. ‘मस्त, एकदम ओके’ असं मी चाळीस मिनिटं टाइप करत होतो. धीर मला हवा होता आणि देत मी बसलो होतो.

‘काही होत नाही’

आता मी पुसलेल्या पहिल्या निरोपाकडे येतो. ‘काही होत नाही’ हे आपण सहज म्हणतो, आणि ते खोटं बोलावं म्हणून म्हणत नाही. पण ऐकणाऱ्यानं तासाभरापूर्वीच काय काय होऊ शकतं याच्या यादीखाली सही केलेली असते. काही होत नाही म्हणणाऱ्यानं एकतर तो कागद पाहिलेला नाही, किंवा आपण तो वाचलेला नाही असं त्याला वाटतं. दोन्ही बाबतीत त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ उरत नाही. भीती बाहेर येऊ पाहत असते आणि दार आतून लागतं.

‘हल्ली बायपास म्हणजे काहीच नाही’ हे त्याचंच भावंड. छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापायचं, काम झाल्यावर पोलादी तारांनी पुन्हा बांधायचं, आणि ते जुळून यायला दीड-दोन महिने द्यायचे, याला काहीच नाही म्हणता येत नाही. सर्जनच्या दृष्टीनं ते रोजचं काम असेल. बापूच्या दृष्टीनं ते आयुष्यात एकदाच होणार होतं.

‘तू फायटर आहेस’ हे मला सर्वांत विचित्र वाटलं होतं. भूल दिलेला माणूस कुणाशी लढत नाही. त्यानं फक्त निमूट पडून राहायचं असतं, आणि जे काय करायचं ते दुसऱ्यांनी. शिवाय त्या शाबासकीच्या पोटात एक काटा आहे. समजा उद्या काही गुंतागुंत झाली, तर तो लढायला कमी पडला असं म्हणायचं का? पुढचा प्रकार किश्श्यांचा. कुणाचे तरी काका बायपासनंतर वीस वर्षं जगले, हे चांगलंच. पण एका काकांची गोष्ट आली की मनाला लगेच दुसरे काका आठवतात, जे जगले नाहीत.

विनोदाचं थोडं वेगळं आहे. आमच्या दोघांत विनोद चालतो. पण विनोद सुरू करायचा हक्क त्या संध्याकाळी खाटेवरच्या माणसाकडे असतो. त्यानं केला तर आपण जरूर हसावं.

देव पाण्यात ठेवण्याबद्दल

माझ्या साठ निरोपांत वीसेक देवाचे होते. अभिषेक सांगितलाय, नवस बोललोय, अख्ख्या सोसायटीनं रामरक्षा म्हटली. देव पाण्यात ठेवणं हा आपल्याकडचा जुना वाक्प्रचार आहे, आणि ठेवणाऱ्याची कळकळ खरी असते. पण ते रुग्णाला कळवावं का, या प्रश्नाशी एक अभ्यास फार जवळून भिडतो, आणि तोही नेमका बायपासच्या रुग्णांवरचा.

हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या 1,802 बायपास रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यांतल्या एकासाठी ती खरोखर झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला मात्र प्रार्थना नक्की होणार असं सांगितलं आणि ती झालीही. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन गटांत काही ना काही गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, 52 आणि 51 टक्के. या आकड्यांनी घाबरायचं कारण नाही. त्यांत बऱ्या होणाऱ्या बारीकसारीक तक्रारीही मोजल्या होत्या, आणि सर्वांत जास्त आढळली ती ठोके काही काळ अनियमित पडण्याची. पण आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण 59 टक्के होतं.

यावरून प्रार्थना अपाय करते असं कुणी म्हणू नये. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, आणि तिथं प्रार्थना करणारे रुग्णांना अनोळखी होते, घरचे नव्हते. तरी त्या निकालानंतर एक शंका मांडली गेली, ती मला खाटेवरच्या अनुभवावरून पटते: माझ्यासाठी एवढ्या लोकांना प्रार्थना करावी लागतेय, म्हणजे माझं एवढं वाईट आहे का, असं रुग्णाला वाटत असावं. अख्खी सोसायटी माझ्यासाठी रामरक्षा म्हणतेय हे वाचून मलाही नेमकं हेच वाटलं होतं. म्हणून माझं मत असं झालं आहे की देव पाण्यात ठेवायचे तर ठेवावेत, पण ती बादली रुग्णाला दाखवू नये. तो स्वतः श्रद्धाळू असेल आणि अंगारा पाठव म्हणाला, तर गोष्ट निराळी.

भूलतज्ज्ञाची भेट

धीर देण्याचं मग काही उपयोगाचं तंत्र आहे का? आहे, आणि ते साठ वर्षांपूर्वी भूलतज्ज्ञांनीच तपासून पाहिलं.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी एक साधी गोष्ट पाहिली. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन बोलून गेला तर रुग्ण शांत राहतो, की झोपेचं औषध दिल्यानं? औषधानं रुग्णांना गुंगी आली, पण ते निवांत झाले नाहीत. ज्यांच्याशी भूलतज्ज्ञ बोलला होता, ते ऑपरेशनला येताना जास्त शांत होते. हे 1963 मध्ये छापून आलं.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या 97 रुग्णांना भूलतज्ज्ञ आदल्या रात्री भेटला. भूल कशी देणार, जाग कुठं येईल, हे सगळ्यांनाच सांगितलं. पण ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल अर्ध्याच रुग्णांशी बोलला. दुखणार आहे, कुठं दुखेल, साधारण किती आणि किती दिवस, हे त्यांना सांगितलं. स्नायू आखडतात म्हणून दुखतं, ते सैल कसे सोडायचे, कुशीवर वळताना पोटाला ताण न देता कसं वळायचं, हे दाखवलं. आणि एवढं करूनही सहन झालं नाही तर औषध माग, ते मिळेल, हेही सांगितलं. या गटाला पुढच्या पाच दिवसांत वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं, आणि सरासरी 2.7 दिवस आधी ते घरी गेले. घरी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या सर्जनना कोण कुठल्या गटात आहे ते ठाऊक नव्हतं.

दुखेल असं सांगितल्यानं दुखणं कमी झालं, हे वाचायला उलटं वाटतं. पण त्यांनी नुसतं दुखेल एवढं सांगून सोडलं नव्हतं. पाठोपाठ तीन गोष्टी होत्या: ते अपेक्षित आहे, ते कशामुळे होतं, आणि त्या वेळी तू काय करायचं. जे होणार म्हणून सांगितलं होतं तेच झालं, की माणूस घाबरत नाही. सांगितलेलं नसेल तर प्रत्येक कळ म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण वाटते.

माझ्या साठ निरोपांतला एक मला अजून पाठ आहे. तो माझ्या एका चुलत मेहुण्याचा होता, त्यांची बायपास माझ्याआधी वर्षभर झाली होती. त्यांनी लिहिलं होतं की तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. सुरुवातीला एकच गोळी वर जाते, त्यानं खट्टू होऊ नका. बस्स, एवढंच. फुप्फुसं पुन्हा नीट फुगावीत म्हणून हे श्वासाचं यंत्र देतात. तिसऱ्या दिवशी माझी खरोखरच एक गोळी वर गेली आणि मला हसू आलं.

चौथा मसुदा

तेव्हा चौथ्यांदा लिहायला घेण्याआधी मी वहिनींना फोन केला. बापूला नाही. रुग्णाला त्या वेळी फोन करणं म्हणजे त्याच्याकडून आवाजाची परीक्षा घेणं. वहिनींना दोनच गोष्टी विचारल्या. डॉक्टरांनी त्याला काय काय सांगितलंय, आणि तो सारखं काय विचारतोय? त्या म्हणाल्या, “बाकी ठीक आहेत हो भावजी, पण शुद्धीवर आल्यावर घशात नळी असेल म्हणून सांगितलंय ना, ते दोनदा विचारलं मला. बोलता नाही आलं तर काय, म्हणून.”

हा फोन करणं महत्त्वाचं असतं, कारण वैद्यकीय बाब मित्राच्या तोंडून पहिल्यांदा कळू नये. काही जणांना सगळं जाणून घ्यायचं असतं, काहींना अजिबात नको असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं आणि त्याच्या मनात घोळणारं असेल, त्यालाच आपण हात लावावा. पाणी कधीपर्यंत प्यायचं यासारख्या गोष्टींत तर मुळीच पडू नये. घन अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असा आता सर्वसाधारण दंडक असला, तरी अनेक ठिकाणी रात्री बारानंतर सगळंच बंद करतात. त्याला तिथं जे सांगितलंय तेच त्याच्यासाठी खरं.

मग हे लिहिलं:

‘बापू, उत्तर देत बसू नकोस. भीती वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटली होती. जाग येईल तेव्हा घशात नळी असेल आणि बोलता येणार नाही. ते तसंच असतं, काही बिघडलेलं नसतं. सिस्टर शेजारीच असतात, हातानं खूण केली की त्यांना कळतं. माझी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली होती. पहाटेपासून मी खाली वहिनींबरोबर आहे. डबा, औषधं, रक्तपेढी माझ्याकडे लागलं. तू वॉर्डात आलास की एक घट्ट उशी आणून देतो. खोकताना छातीशी कवटाळायची. ती का, ते तेव्हा कळेल. झोप आता. येतो.’

पहिल्या वाक्यानं त्याच्यावरचं ओझं काढलं. दुसऱ्यानं भीतीला बसायला जागा दिली, तिची समजूत घातली नाही. नळीबद्दलची वाक्यं एगबर्टच्या रुग्णांना सांगितल्यासारखी आहेत: काय असेल, ते अपेक्षित आहे, आणि तू काय करायचं. श्वासासाठीची ती नळी साधारण काही तासांत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत काढतात. पण ‘तुझी सकाळी निघेल’ असं मी लिहिलं नाही. माझी कधी काढली एवढंच लिहिलं. माझ्या पदरात माझाच अनुभव होता, त्याच्या उद्याची हमी नव्हती.

वहिनींबद्दलचं वाक्य लिहिताना मी थोडा थांबलो होतो. ‘काही लागलं तर सांग’ हे आपण नेहमी म्हणतो, पण त्यात सांगण्याचं काम पुन्हा समोरच्यावरच येतं. काय लागेल हे मला ठाऊक होतं, तर ते नाव घेऊन लिहावं. स्वतःच्या जिवाइतकीच, कधी त्याहून जास्त, काळजी रुग्णाला बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाची असते.

आशा कुठं ठेवायची, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. आधी लिहिलं होतं, ‘मे महिन्यात सिंहगड चढू.’ ते खोडलं. पायाची जखम, सूज, तीन महिने जड उचलायचं नाही, हे मला ठाऊक होतं, आणि सिंहगड वाचून बापूनं मनात तेच मोजलं असतं. एवढ्या लांबच्या वचनाला पोचायला मधे किती पायऱ्या आहेत ते खाटेवरच्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून आशा फक्त पुढच्या पायरीवर ठेवली: वॉर्ड आणि उशी. ‘सगळं नक्की छान होईल’ मध्ये भविष्य सांगण्याचा आव आहे. ‘बरा झालास तर’ मध्ये शंका आहे. ‘आलास की’ मध्ये दोन्ही नाही. तू येशील हे मी धरून चाललोय, एवढंच त्यात आहे.

आणि शेवटी ‘येतो’. घरातून निघताना आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. चुकून म्हटलं तर दारातूनच कुणीतरी ‘येतो म्हण’ असं बजावतं. निरोपाच्या दोन अर्थांची अडचण भाषेनंच करून ठेवली होती, आणि सोय तिनंच करून ठेवली होती.

जिथं हे पुरत नाही

उत्तर देऊ नकोस म्हटलं तरी बापूचं उत्तर आलं, दहा मिनिटांनी. ‘ऐक. एलआयसीचे कागद देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत. हिला माहीत नाही. काही कमीजास्त झालं तर.’

इथं ‘असं अभद्र बोलू नकोस’ हे माझ्या बोटांवर आलंच होतं. पण त्यानं भाकीत केलं नव्हतं, एक काम सोपवलं होतं. काम सोपवलेल्या माणसाला ते घेतल्याची पोच हवी असते. मी लिहिलं, ‘वाचलं. देव्हाऱ्याखालचा खण, एलआयसी. लक्षात ठेवलं. वहिनींना मी सांगू, की घरी आल्यावर तूच सांगतोस?’ त्यावर त्यानं लिहिलं, ‘मीच सांगतो.’ मग तो झोपला असावा.

प्रत्येक ऑपरेशनला हा मसुदा चालेल असंही नाही. गाठीचं ऑपरेशन असतं, पोट उघडल्यावरच काय ते कळेल असं सर्जननं सांगितलेलं असतं, पुढं केमो असते. तिथं घरी परतण्याच्या गोष्टीही लांबच्या ठरतात. अशा वेळी निरोप फक्त उद्यापुरता असावा: उद्या मी कुठं असेन, कुणासोबत असेन, जाग आल्यावर काय दिसेल. ओळख जेमतेम असेल तर दोन ओळी पुरतात आणि त्यात नळीचा विषय काढायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती, ती म्हणजे वेळ. ‘आठ वाजता तुझी आठवण काढीन’ असं लिहायचा मोह होतो. पण मोठ्या रुग्णालयातली वेळ मधे एखादा तातडीचा रुग्ण आला की सरकते, आणि कधी सकाळी ताप निघाला तर दिवसच बदलतो. आठ वाजून गेले आणि अजून नेलं नाही, की रुग्ण घड्याळाकडे बघत काहीबाही कल्पना करत बसतो. बापूला आठला नेणार होते. आदल्या रात्री एक तातडीचा रुग्ण आला आणि त्याला साडेअकराला नेलं. तहानलेल्या तोंडानं तो साडेतीन तास पडून होता. खाली बाकड्यावर वहिनींनी मला चार वेळा विचारलं, “उशीर का झाला असेल हो?” मी चारही वेळा तेच सांगितलं, की पुढं एकाचं निघालंय. ते खरं होतं, म्हणून चारही वेळा सांगता आलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सर्जन बाहेर आले, मास्क खाली करून वहिनींशी दोन मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूची नळी काढली. मधला एक दिवस तो कुणाशीच बोलला नाही. तोंडाला चव नव्हती, उगाच डोळ्यांतून पाणी यायचं. बायपासनंतर असं मन उतरणं बऱ्याच जणांना होतं, मलाही झालं होतं. वहिनींना ते आधी सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडून राहिलं.

चौथ्या दिवशी तो वॉर्डात आला आणि मी उशी नेऊन दिली. त्यानं ती बाजूला ठेवली, बोलला फारसं नाही. मी निघालो, ‘येतो’ म्हटलं. रात्री नऊच्या सुमारास फोनवर निरोप आला, हाताला थरथर असावी, कारण अक्षरं चुकली होती.

‘उशी कशाला ते कळलं. तीन गोळ्यांतली एकच जाते वर.’